शब्दचर्चा: पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन

गोदाकाठ
परभणीला लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रशासकीय कायद्याच्या उजळणीसाठी दहा जोड्या वहीत समोरासमोर मांडल्यात: अधिनियम-नियम, शासन निर्णय-परिपत्रक, न्यायालय-न्यायाधिकरण, अधिकार-अधिकारिता, निलंबन-बडतर्फी, बडतर्फी-सेवेतून काढून टाकणे, शून्य-शून्यकरणीय, महादेश-प्रतिषेध, अपील-पुनरीक्षण, पुनरीक्षण-पुनर्विलोकन. आठ जमल्या. शेवटच्या दोन काही केल्या डोक्यात बसत नाहीत.

बालाघाट
सोपं आहे. वरचा अधिकारी बघतो ते पुनरीक्षण, ज्यानं आदेश दिला तोच परत बघतो ते पुनर्विलोकन. एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

गोदाकाठ
मग दादा, अपीलही वरच्याकडेच जातं ना? तिथंच तर अडलंय.

मांजरा
मी महसूल खात्यात बरीच वर्षं काढली. ताई, आपल्याकडचंच उदाहरण घ्या. वडील वारले, मागे दोन मुलं आणि एक मुलगी. वारसाचा फेरफार फक्त मुलांच्या नावानं लागला आणि मंडळ अधिकाऱ्यानं तो मंजूर केला. आता मुलीनं कुठं जायचं?

पहिली वाट अपिलाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 247. उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत जायचं. नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यात धरत नाहीत. अपील हा तिचा हक्क आहे. मुदतीत आलं तर अधिकाऱ्याला ते ऐकावंच लागतं आणि वारस कोण, नोटीस कुणाला बजावली, हा पुरावाही तो नव्यानं तोलू शकतो. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते.

दुसरी वाट पुनरीक्षणाची, कलम 257. इथं वरचा अधिकारी खालच्याची फाईल मागवतो आणि आदेश कायदेशीर व उचित आहे का, कार्यवाही नियमाला धरून झाली का, हे पाहतो. मुलीला नोटीसच न देता फेरफार मंजूर झाला असेल, तर तो दोष इथं लगेच उघडा पडतो. पण हा अधिकाऱ्याच्या हातातला अधिकार आहे. कुणी अर्ज न करताही तो फाईल मागवू शकतो आणि अर्ज केला म्हणून त्यानं हात घातलाच पाहिजे असंही नाही. अपील मागणाऱ्याचं, पुनरीक्षण बघणाऱ्याचं, असं वहीत लिहा.

बालाघाट
म्हणजे माझं पुनर्विलोकन तरी बरोबर?

मांजरा
अर्धं. कलम 258 मध्ये आदेश देणारा बदलून गेला तरी त्याच्या जागी आलेला अधिकारी पुनर्विलोकन करू शकतो. तेव्हा माणूस तोच नव्हे, खुर्ची तीच. शिवाय मंडळ अधिकाऱ्यासारख्या जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला आधी आपल्या वरिष्ठाची मंजुरी घ्यावी लागते. खासगी लोकांच्या हक्काचा प्रश्न असेल तर पक्षकाराचा अर्ज लागतो, तोही 90 दिवसांत. कारणंही मोजकी: नवा महत्त्वाचा पुरावा सापडला, चूक कागदावरच दिसते, किंवा तशाच तोडीचं पुरेसं कारण. निकाल पटला नाही, हे कारण होत नाही.

आणि मुख्य गोष्ट. कायद्यानं दिला असेल तरच पुनर्विलोकनाचा अधिकार असतो. सर्वोच्च न्यायालयानं 1970 मध्ये पटेल नरशी ठाकरशी प्रकरणात हे स्पष्ट केलंय. संहितेत 258 नसतं, तर दिलेला आदेश कितीही चुकला तरी त्या खुर्चीला तो स्वतःहून फिरवता आला नसता.

तुळजाई
आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावात 'दत्तू'चं 'दत्ता' झालंय. वर्ष होऊन गेलं, लोक पुनर्विलोकन करा म्हणायलेत. मुदत संपली का हो?

मांजरा
मावशी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. लिहिताना चूक झाली असेल तर कलम 155 खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत जुना फेरफार लावा. पण याच 155 च्या नावाखाली वारसाचं नाव घालणं किंवा काढणं चालत नाही. तो वाद आहे, लेखनदोष नव्हे. असा आदेश दिसला की त्यावर आधी बोट ठेवावं.

बालाघाट
मग त्या मुलीनं अपील जिंकलं की जमीन तिची झाली.

मांजरा
नाही. फेरफार महसुलाच्या नोंदीसाठी असतो. मालकी ठरवायची तर दिवाणी न्यायालय.

गोदाकाठ
सर, एक राहिलंच. अपिलाची मुदत गेल्यावर थेट पुनरीक्षण मागता येतं का? आमच्या वर्गात यावरून दोन तट पडलेत.

मांजरा
257 च्या शब्दांत तशी सरसकट बंदी नाही. पण अपिलाची वाट असताना ती सोडून का आलात, असं विचारून अर्ज फेटाळणारे अधिकारी मी पाहिलेत आणि ऐकून घेणारेही. माझं मत ऐकून घ्यावं असं आहे, निदान नोटीसच मिळाली नसेल तेव्हा तरी.

बालाघाट
मला नाही पटत. मग मुदतीला अर्थ काय राहिला?