उद्गारचिन्हं काढून भागत नाही

"उद्गारचिन्हं काढली, 'आजच घ्या' काढलं, तरी स्लोगन मिळमिळीतच वाटते."

कारण आवाज कमी केलात पण त्या जागी काही ठेवलं नाहीत. 'जगातला सर्वात दमदार थर्मास! आजच घ्या!!' याचं 'उबदार क्षणांचा सोबती' केलं तर ते ब्लँकेटलाही चालेल, म्हणजे फसलं. मी आधी 'दमदार'मागचा पुरावा शोधते, की चहा नेमका किती वेळ गरम राहतो, आणि तेवढाच लिहिते: 'सकाळी भरलेला चहा, संध्याकाळीही फुंकून प्यावा लागतो.' यात हुकूम नाही, 'सर्वात' नाही, थर्मास चांगला आहे हे वाचणारा स्वतःच ठरवतो आणि म्हणून त्याला ते पटतं. फक्त दावा खरा हवा, चहा दुपारपर्यंतच गरम राहत असेल तर 'दुपारी' लिहा. आणि ऑफरला खरीच शेवटची तारीख असेल तर ती लपवू नका, खाली साध्या अक्षरात द्या.