रिपोर्टवरचा आकडा बघून असाइनमेंट परत करायची का?

नळदुर्ग_बुरूज: पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात एआय डिटेक्टरचा रिपोर्ट कसा वाचायचा यावर स्टाफची कार्यशाळा आहे. आयक्यूएसी माझ्याकडे आहे. दीड तास पीपीटी, मग सॉफ्टवेअरचा डेमो, आणि शेवटी सगळ्यांना एकच नियम: २०% च्या वर गेलं की असाइनमेंट परत. कुणीतरी रोल प्ले सुचवलाय. पन्नाशीतल्या प्राध्यापकांना नाटक करायला लावणं हा पोरखेळ आहे. मतं सांगा.

गोदाकाठ: सर, वाचून राहवलं नाही. गेल्या वर्षी मी हीच कार्यशाळा घेतली, पीपीटीला वीस मिनिटं दिली आणि बाकी सगळा वेळ एकाच प्रकरणाला.

प्रकरण असं. बीकॉम दुसरं वर्ष, सोयाबीनच्या भावातल्या चढउतारावर ६४० शब्दांची इंग्रजी असाइनमेंट, रिपोर्टवर ५८%. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच: ५८% म्हणजे काय? निम्म्याहून जास्त हात 'पोरानं चोरी केल्याची शक्यता ५८ टक्के' याला वर गेले. तसं नाही. मजकुराचा ५८% भाग मशीनला यंत्राचा लिहिल्यासारखा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. पोरानं काय केलं, हे त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

मग तिघांचे गट. एक शिक्षक, एक विद्यार्थी, एक निरीक्षक. शिक्षकाकडं फक्त रिपोर्ट, विद्यार्थ्याच्या हातात बंद चिठ्ठी. निम्म्या गटांच्या चिठ्ठीत होतं: 'बारावीपर्यंत मराठी माध्यम. आधी वहीत मराठीत लिहिलं, मोबाइलवर भाषांतर केलं, व्याकरण दुरुस्त करणाऱ्या अॅपमधून काढलं.' उरलेल्यांच्या: 'रात्री अकराला एआयकडून पूर्ण मजकूर घेतला, चार वाक्यं बदलली.' रिपोर्ट दोघांचा एकच. बोलायला बारा मिनिटं. शिक्षकानं आरोपानं सुरुवात करायची नाही. निरीक्षकानं मोजायचं, किती प्रश्न 'कसं लिहिलंस' याचे होते आणि किती 'कबूल कर' याचे.

पहिल्या फेरीत बहुतेकांनी `volatility` म्हणजे काय ते इंग्रजीतून विचारलं. वहीवाली मुलगी झालेल्या मॅडम अडखळल्या आणि लगेच दोषी ठरल्या. तो शब्द भाषांतरानं आणला होता, तिनं नाही. दुसऱ्या फेरीत मी सांगितलं, मराठीत विचारा: भाव कधी पडला, का पडला, हे कुठून कळलं, वही आहे का? वहीवालीनं बाजार समितीतलं सगळं सांगितलं. अकरावाल्याला स्वतःचाच तिसरा परिच्छेद सांगता येईना. हे पीपीटीत दाखवता येत नाही.

नळदुर्ग_बुरूज: २०% मी मनानं नाही ठेवला. टर्निटिनच २०% च्या खाली आकडा दाखवत नाही, `*%` येतं. म्हणजे वर गेलं की पक्कं, असंच ना?

गोदाकाठ: उलटं आहे सर. खालच्या टप्प्यात चुकीचे ठपके जास्त पडतात म्हणून ते आकडा झाकतात. वरचा प्रत्येक जण दोषी, असं तेही म्हणत नाहीत. शिवाय ३०० शब्दांपेक्षा कमी मजकूर ते तपासतच नाहीत, आणि भाषांच्या यादीत मराठी नाही. त्यामुळं मराठी विभागानं या रिपोर्टला हातच लावू नये.

डेटा_लातूर: कशाला एवढं? ओपनएआयनं स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला. बनवणाऱ्यालाच जमेना, तर सगळेच डिटेक्टर बोगस. कार्यशाळाच रद्द करा.

गोदाकाठ: बंद केला हे खरं. तो खऱ्या एआय मजकुरातला २६% च पकडायचा आणि माणसांच्या मजकुरातल्या ९% वर ठपका ठेवायचा. पण त्यावरून सगळेच बोगस ठरत नाहीत. नेमका कोण चुकीचा अडकतो ते बघा. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांतून काढले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. साधे शब्द, ठरावीक वाक्यरचना. आपली पोरं तसंच इंग्रजी लिहितात.

तासिका_मास्तर: मी सीएचबीवर आहे, दोन कॉलेजांत शिकवतो. २०० असाइनमेंट तपासायच्यात. प्रत्येकाशी बारा मिनिटं बोलायची म्हणायलेत तुम्ही! मानधन कधी येईल त्याचा पत्ता नाही, आणि वर हे पण आमच्याच गळ्यात. मागच्या वर्षी वरून हुकूम आला, लाल रिपोर्टवाली सगळी पोरं नापास करा. केली मी. त्यातली एक पोरगी, बाप ऊसतोडीला, हातानं लिहिलेली पानं घेऊन आली. कच्चा मसुदा, खाडाखोड, सगळं होतं. तोवर गुण भरून झाले होते. कधी आठवलं की झोप येत नाही.

गोदाकाठ: मास्तर, हाच हिशोब मी फळ्यावर मांडतो. समजा २०० पैकी २० जणांनी खरंच एआय वापरलं. मशीननं त्यातले १६ पकडले. उरलेल्या १८० पैकी ५% वर चुकून ठपका पडला, म्हणजे ९. लाल आले २५, त्यातले ९ निर्दोष. बोलायचं ते फक्त या २५ शी. पाच तास होतात.

तासिका_मास्तर: पाच तास मान्य. पण त्याचे पैसे कोण देणार, ते तुमच्या फळ्यावर नाही.

पैठणची_पोथी: माझा अनुभव सांगते. पीएचडीचा प्रबंध, ३४% आला! एकनाथांचे अभंग उद्धृत केले म्हणून. यूजीसीची मर्यादा १०%. सहा महिन्यांत सुधारून द्या म्हणाले. अभंग सुधारू का आता?

डेटा_लातूर: मॅडम, तो समानतेचा रिपोर्ट. इथं एआयचं चाललंय.

पैठणची_पोथी: मला फरक कळतो. कार्यशाळेत दोन्ही घ्या एवढंच म्हणते, कारण वाचणारे तेच लोक आहेत. २०१८ च्या नियमात संदर्भासह दिलेली अवतरणं वगळायची आहेत. सॉफ्टवेअरला अवतरणचिन्ह नसलेल्या ओव्या-अभंग ओळखता येत नाहीत, ते माणसानंच वगळायचे असतात. आमच्याकडं कुणी रिपोर्ट उघडलाच नाही, पहिल्या पानावरचा आकडा वाचला. आणि त्याच महिन्यात एका गृहस्थांचा ०% आला! जुन्या कृतिदेव फॉण्टात टाइप केलेला प्रबंध.

गोदाकाठ: हे मात्र कुणीच शिकवत नाही. पीडीएफमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. 'मराठी'च्या जागी `ejkBh` दिसलं, तर सॉफ्टवेअरनंही तेच वाचलंय. ते कशाशी जुळणार? तो शून्य म्हणजे तपासणी झालीच नाही.

डेटा_लातूर: मग युनिकोडात बदलून द्या ना. कन्व्हर्टर आहेत.

पैठणची_पोथी: बदलून बघितलंय? जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडं जातो. चारशे पानं पुन्हा वाचायची कुणी?

डेटा_लातूर: म्हणून न तपासता पदवी द्यायची?

पैठणची_पोथी: मी असं म्हटलेलं नाही. माझ्या तोंडी घालू नका! युनिकोडात प्रामाणिकपणे टाइप केलेली अडकली, याचा राग आहे मला.

तासिका_मास्तर: टायपिंगवाले अजून कृतिदेवच वापरायलेत. दरच त्याचा ठरलेला आहे. गावातल्या विद्यार्थ्यानं काय करावं?

डेटा_लातूर: ठीक, टायपिंगवाल्यांचं माझ्या लक्षात नव्हतं. तरी नोंदणीच्या वेळीच युनिकोड सक्तीचं करा, हे माझं मत कायम आहे.

नळदुर्ग_बुरूज: फॉण्टवर वेगळा धागा काढा, माझा विषय राहिला बाजूला. रोल प्ले मला अजूनही पटलेला नाही, आमचे एचओडी विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसणार नाहीत. पण २०% चा नियम काढतो. ५८% चं प्रकरण एक तास ठेवतो, आणि नोटपॅडची चाचणी. गोदाकाठ, त्या दोन चिठ्ठ्यांचा मजकूर पाठवा.

गोदाकाठ: पाठवतो. एचओडींना निरीक्षक करू नका सर, विद्यार्थीच करा. आमच्याकडं सगळ्यात जास्त त्यांचंच मत बदललं.

तासिका_मास्तर: आणि सीएचबीवाल्यांना बोलावणार का नाही? तपासायचं आम्हीच आहे.