मदत हवी आहे : मध्येच बंद केलेल्या सबस्क्रिप्शनचा खर्च वहीत किती आणि कसा दाखवावा?

अक्षरजुळणी (कोथरूड, पुणे)

नमस्कार. मी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठे करण्याचे काम स्वतंत्रपणे करतो. ग्राहक मुख्यतः पुण्यातील प्रकाशक आहेत. माझी जीएसटी नोंदणी नाही. हिशेब मर्केंटाइल पद्धतीने ठेवतो आणि प्रत्यक्ष खर्च वजा करून येणारा नफा विवरणपत्रात दाखवतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या वह्या बंद करताना दोन नोंदींवर अडलो आहे.

पहिली नोंद मांडणीच्या सॉफ्टवेअरची. १ नोव्हेंबर २०२४ रोजी वर्षभराचे २४,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी असे २८,३२० रुपये भरले. १० फेब्रुवारीला मी ते रद्द केले. पैसे परत मिळणार नाहीत, मात्र सॉफ्टवेअर चालू मुदत संपेपर्यंत, म्हणजे माझ्या हिशेबाने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत, वापरता येईल, असे कंपनीने कळवले आहे.

दुसरी नोंद छायाचित्र संग्रहाची. १ डिसेंबर २०२४ रोजी वर्षाचे १४,१६० रुपये भरले आणि २८ फेब्रुवारीला सेवा बंद केली. उरलेल्या नऊ महिन्यांचे १०,६२० रुपये परत देत असल्याची क्रेडिट नोट ३ मार्चच्या तारखेची आहे, पण रक्कम बँकेत ९ एप्रिलला जमा झाली, म्हणजे दुसऱ्याच आर्थिक वर्षात.

दोन्ही ठिकाणी खर्च फक्त वापरलेल्या काळापुरताच धरायचा, तर तो काळ कोणत्या तारखेपर्यंत मोजायचा? कोणती कागदपत्रे जपून ठेवावीत?

सहकारनगरकर

पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षी पूर्ण खर्च लिहावा आणि परतावा ज्या वर्षी आला त्या वर्षी तो उत्पन्नात घ्यावा. मी इतकी वर्षे असेच करतो आणि आजवर काही अडचण आलेली नाही. शिवाय आपण ४४एडीए घेतले, तर निम्मी मिळकत नफा म्हणून दाखवून मोकळे होता येते. मग हा प्रश्नच उरत नाही.

खतावणी

सदाशिव पेठेतील एका कर सल्लागारांकडे मी वह्यांचे काम पाहते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

सहकारनगरकर सांगतात ती पद्धत रोख तत्त्वावर हिशेब ठेवणाऱ्यांसाठी बरोबर आहे. अक्षरजुळणी यांचा हिशेब मर्केंटाइल आहे आणि एकाच वहीत सोयीप्रमाणे दोन्ही पद्धती चालत नाहीत. ४४एडीएसाठी ठरावीक व्यवसायांची यादी आहे : वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचनेने जोडलेले आणखी काही. पुस्तकांच्या मांडणीचे नाव त्यात सरळ सापडत नाही, म्हणून तो मार्ग गृहीत धरू नये.

आता मूळ प्रश्न. रद्द करण्याचे बटण कोणत्या दिवशी दाबले याला वहीत फारसे महत्त्व नाही. सेवा कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आणि पैसे परत येणार का, या दोन गोष्टींवर नोंद ठरते. मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत १० फेब्रुवारीला आपण फक्त पुढील नूतनीकरण थांबवले. सेवा ऑक्टोबरअखेर चालू आहे, म्हणून १० फेब्रुवारीला कोणतीच नोंद करू नका. आपली जीएसटी नोंदणी नसल्यामुळे भरलेला कर हा खर्चाचाच भाग आहे, त्यामुळे महिन्याला २,३६० रुपये पडतात. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचे ११,८०० रुपये २०२४-२५ चा खर्च. उरलेल्या सात महिन्यांसाठी ३१ मार्च रोजी प्रीपेड खर्च नावे १६,५२० आणि सॉफ्टवेअर खर्च जमा १६,५२० अशी नोंद करा. ही रक्कम ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसेल आणि एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये महिन्यागणिक खर्चात येईल.

छायाचित्र संग्रहात मात्र सेवा खरोखर संपली आणि क्रेडिट नोट मार्चमध्येच निघाली. म्हणजे परताव्याचा हक्क २०२४-२५ मध्येच निश्चित झाला. ३ मार्चला परतावा येणे खाते नावे १०,६२० आणि संग्रह खर्च जमा १०,६२०. खर्चाच्या खात्यात तीन महिन्यांचे ३,५४० रुपये उरतील. ९ एप्रिलला बँक नावे, परतावा येणे जमा. हे उत्पन्नात दाखवू नका, नाहीतर त्याच रकमेवर विनाकारण कर भराल. क्रेडिट नोट उघडून ९,००० मूळ रक्कम आणि १,६२० कर असे दोन्ही आकडे आहेत का, तेवढे पाहा. काही ठिकाणी फक्त मूळ रक्कम परत करतात. तसे असेल तर परत न आलेला कर खर्चातच राहील.

निवांत वाचक

मी सबस्क्रिप्शन बंद करायचे म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करतो. मग पैसे जाणे थांबते. हिशेबात एवढे पुरेसे नाही का?

खतावणी

नाही. त्याने बँकेचा आदेश थांबतो, विक्रेत्याशी झालेला व्यवहार थांबत नाही. वार्षिक करार करून हप्ता महिन्याला भरण्याची योजना असेल, तर विक्रेता पुढची बिले काढत राहतो आणि ती आपल्या नावावर देणे म्हणून उभी राहतात. विक्रेत्याकडून सेवा बंद झाल्याचा आणि त्यात शेवटची तारीख लिहिलेला ईमेल आला, तरच बंद झाले असे धरावे. अक्षरजुळणी, आपल्या कागदपत्रांत हा ईमेल सर्वांत मोलाचा आहे, कारण वहीतले महिने त्याच तारखेवरून मोजले जाणार आहेत.

त्याच्यासोबत मूळ टॅक्स इन्व्हॉइस, क्रेडिट नोट आणि बँक विवरणाची दोन्ही पाने एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नुसती पैसे मिळाल्याची पावती इन्व्हॉइसच्या जागी चालत नाही, कारण तिच्यावर सेवेचा कालावधी बहुधा नसतो. खाते पूर्ण मिटवले की बिलिंगचे पानही जाते, म्हणून पीडीएफ आधी उतरवून घ्या. नियम ६एफ काही ठरावीक व्यवसायांना संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ६ वर्षे वह्या ठेवायला सांगतो. आपण त्यात बसत नसलात तरी तोच काळ धरा, म्हणजे या वर्षाची कागदपत्रे ३१ मार्च २०३२ पर्यंत.

ध्वनिलेखक

माझा अनुभव वेगळा आहे. ध्वनिपरिणामांच्या एका संग्रहाचे वर्षाचे पैसे भरले होते. जानेवारीत रद्द करताच त्याच दिवशी प्रवेश बंद झाला आणि परतावाही मिळाला नाही. मग वापरलेल्या महिन्यांपुरताच खर्च धरून बाकीचे पैसे सोडून द्यायचे का?

खतावणी

माझ्या मते सोडायचे नाहीत. ती रक्कम कामासाठीच दिली होती आणि पुढे तिच्यापासून काही मिळणार नाही, म्हणून प्रीपेडमध्ये ठेवण्यासारखे काही उरत नाही. प्रवेश बंद झाल्याच्या तारखेला उरलेली सगळी रक्कम त्याच वर्षाच्या खर्चात टाकावी, मात्र ‘न वापरलेले सबस्क्रिप्शन’ अशा वेगळ्या खात्यावर.

सहकारनगरकर

याला माझी सहमती नाही. न वापरलेल्या महिन्यांचा खर्च कामासाठीच झाला, हे अधिकाऱ्यांना कसे पटवणार? मी तेवढी रक्कम स्वतःच्या उचलीत टाकीन.

अक्षरजुळणी

खतावणी ताई, मनःपूर्वक आभार. क्रेडिट नोट उघडून पाहिली. तिच्यात ९,००० आणि १,६२० असे दोन्ही आकडे स्वतंत्र दिलेले आहेत, त्यामुळे दोन्ही नोंदी आपण सांगितल्याप्रमाणे करतो. सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या ईमेलमध्ये मात्र शेवटची तारीख नाही, फक्त ‘चालू मुदत संपेपर्यंत’ एवढेच लिहिले आहे. त्यांच्याकडून तारखेसह लेखी उत्तर मागवले आहे, ते आले की इथे कळवतो.