‘तसेच’ आणि ‘म्हणून’ खोडावेत की ठेवावेत?

सोसायटीच्या सचिव: सूचनाफलकासाठी केलेल्या एका पानाच्या मसुद्यात पाच वेळा ‘तसेच’ आणि चार वेळा ‘म्हणून’ आले आहे. शेजाऱ्यांशी बोलताना मी असे बोलत नाही. हे शब्द सरसकट काढावेत का? नमुना देते: ‘रविवारी टाकीची सफाई होणार आहे. म्हणून, पाणी बंद राहील. तसेच, लिफ्टची दुरुस्ती होणार आहे. म्हणून, रहिवाशांनी जिन्याचा वापर करावा.’

मुद्रितशोधक: सरसकट काढू नयेत, आणि संगणकाला एका फटक्यात बदल करायला तर सांगूच नये. ‘ताट तसेच ठेवले’ यातला ‘तसेच’ वेगळा आहे. ताटाऐवजी पिशवी आली की तो ‘तशीच’ होतो आणि डबा आला की ‘तसाच’. जो ‘तसेच’ लिंगाप्रमाणे बदलत नाही, तोच जोडणारा, आणि तपासायचा तोच. ‘सचिव म्हणून काम पाहते’ यातल्या ‘म्हणून’लाही हात लावू नये.

आपल्या नमुन्यात पहिल्या दोन वाक्यांचे एक करता येते: ‘रविवारी टाकीची सफाई असल्यामुळे पाणी बंद राहील.’ ‘टाकी धुऊन पाणी बंद राहील’ असे मात्र करू नये, कारण धुणारा एक आणि बंद राहणारे दुसरेच असल्याने ते वाक्य पांगळे होते. ‘तसेच’च्या जागी काय घालावे हे मला सांगता येत नाही, कारण लिफ्टचे काम रविवारीच आहे की नाही, हे आपल्या वाक्यातून कळत नाही.

आकाशवाणीसाठी लिहिणारी: माझ्या संहितांमध्ये मी ‘तसेच’चे ‘तसंच’ करते आणि भाषा लगेच बोलकी होते. प्रश्न एवढ्यावर सुटायला हरकत नसावी.

मुद्रितशोधक: उच्चार बोलका झाला, पण जोडणी तीच राहिली. शेजारणीला आपण ‘तसंच लिफ्टची दुरुस्ती आहे’ असे सांगत नाही, ‘आणि लिफ्टचंही काम आहे’ असे सांगतो.

मराठीची शिक्षिका: पूर्णविरामानंतर ‘म्हणून’ने वाक्य सुरू करणे ही इंग्रजीची लागण आहे, असे मी मुलांना सांगते आणि तसे दिसले की लाल रेघ मारते.

निवृत्त कार्यालय अधीक्षक: बाई, ज्ञानेश्वरीत ‘म्हणौनि’ने सुरू होणाऱ्या ओव्या पावलोपावली भेटतात, तेव्हा या शब्दाला परका ठरवू नका. त्यापुढचा स्वल्पविराम परका असेल, तर तेवढा खोडा. ‘तसेच’ही मी सोडणार नाही. कार्यालयीन पत्रात दोन स्वतंत्र आदेश असले की ‘तसेच’ त्यांच्यामध्ये कुंपण घालतो. तिथे नुसता ‘ही’ लावला, तर दुसरा आदेश पहिल्याला लोंबकळतो.

शिक्षिका: ओव्यांचे मान्य आहे, लाल रेघ स्वल्पविरामावर आणते. मात्र दर दोन वाक्यांनंतर ‘म्हणून’ आले तर ते मला आजही खटकेल.

मुद्रितशोधक: अधीक्षकसाहेबांचे ‘ही’बद्दलचे भय निराधार नाही. ‘रविवारीही पाणी येणार नाही’ असे लिहिले तर शनिवारीही आले नव्हते असे वाटते, आणि ‘रविवारी पाणीही येणार नाही’ असे लिहिले तर आणखी काहीतरी बंद आहे असे वाटते. ‘ही’ ज्या शब्दाला चिकटतो त्याचाच होतो, आणि घाईत तो चुकीच्या शब्दाला चिकटल्याचे मी रोज पाहतो. इतके असूनही कुंपणाची उपमा मला पटत नाही. ‘तसेच’ दोन गोष्टी शेजारी ठेवतो, पण त्यांचे नाते सांगत नाही. ‘शिवाय’, ‘त्याच दिवशी’, ‘त्याआधी’ यांपैकी एक निवडायचे झाले, तर लिहिणाऱ्याला ते नाते आधी ठरवावे लागते.

सचिव: दुरुस्तीवाल्यांना आत्ताच फोन केला. लिफ्टचे काम रविवारी नसून सोमवारी आहे, आणि आमच्या मसुद्यावरून सगळ्यांनी ते रविवारीच धरले असते. आता असे लिहिले आहे: ‘रविवारी टाकीची सफाई असल्यामुळे सकाळी ९ ते दुपारी १ पाणी बंद राहील. लिफ्टची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, सोमवारी आहे, तेव्हा त्या दिवशी जिना वापरावा.’

अधीक्षक: सूचना उत्तम झाली. परंतु सभेच्या इतिवृत्तात, जिथे एकाच ठरावाने रंगकामाला मंजुरी द्यायची आणि जुन्या देयकाची रक्कमही अदा करायची असते, तिथे काय कराल? या दोन गोष्टींत कसलेच नाते नसते, आणि तेच ‘तसेच’ सांगतो.

मुद्रितशोधक: तिथे मी दोन ठराव करून त्यांना क्रमांक देईन.

अधीक्षक: सूचक आणि अनुमोदक एकच असताना मी दोन ठराव करणार नाही. तेवढा एक ‘तसेच’ माझ्या इतिवृत्तात राहील.