उत्तर: सूत्रपत्रिकेचा तक्ता आणि दोन टी-चाचण्या

«सूत्रपत्रिकेच्या फोटोवरून तक्ता करतो आहे. फोटोत टी-चाचणीची दोन सूत्रे आहेत, ती तक्त्यात एकाच ओळीत घातली तर चालेल का?»

चालणार नाही, कारण त्यांना लागणारी माहितीच वेगळी आहे. फोटोत अक्षरांवरची आडवी रेघ आणि पायाक्षरे पुसट होतात, म्हणून आधी n मोजावा: n₁ आणि n₂ दिसले तर दोन स्वतंत्र गट, एकच n आणि जोडीतील फरकाचा d दिसला तर जोडीची चाचणी.

समजा, पाच शुक्रवारी म्हापसा बाजारात बांगड्याचा भाव किलोला २००, २६०, १८०, ३२०, २४० रुपये आणि त्याच दिवशी मडगावात १८०, २३०, १७०, २८०, २१५ रुपये होता. फरक २०, ३०, १०, ४०, २५. त्यांची सरासरी २५, प्रमाण विचलन सुमारे ११.२, म्हणून t = 25/(11.2/√5), म्हणजे सुमारे ५. स्वातंत्र्यमात्रा ४ असताना ५ टक्के पातळीवरील दुहेरी सीमा २.७७६ असल्याने फरक लक्षणीय ठरतो. हेच आकडे स्वतंत्र गटांच्या सूत्रात घातले, तर t जेमतेम ०.८ येतो, कारण मासळीच्या आवकेनुसार दर आठवड्याला होणारा चढउतार छेदात शिरतो.

त्यामुळे ‘गृहीतके’ या स्तंभात जोडीच्या चाचणीपुढे ‘फरक प्रसामान्य’ असेच लिहावे. दोन्ही बाजारांचे भाव स्वतंत्रपणे प्रसामान्य असण्याची अट तिथे नाही. ‘केव्हा वापरावी’ या स्तंभात मात्र एक प्रश्न पुरतो: एका यादीतील क्रम बदलला, तर माहिती बिघडते का? बिघडत असेल, तर जोडी.