मदत हवी आहे: ज्येष्ठांच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’चा पूर, कोणाचं मन न दुखवता कसा आवरावा?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ज्येष्ठ नागरिकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, साठेक जणांचा. मी नुकताच निवृत्त झालो, म्हणजे त्यांच्यात पोरगाच, म्हणून अ‍ॅडमिनपद माझ्या गळ्यात पडलं. पहाटे साडेचारला पहिला गुलाब पडतो. आठ वाजेपर्यंत सूर्य, चहाचे कप, सुविचार आणि त्या सगळ्यांना हात जोडणारी आणखी चित्रं.

परवा नेत्रतपासणी शिबिराची तारीख बदलल्याचा निरोप त्यात गडप झाला. दोन आज्या जुन्या तारखेला एसटीने जाऊन हात हलवत परत आल्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे निरोप सुरू होतील, तेव्हा काय?

पण ‘चित्रं बंद’ म्हणवत नाही. गल्लीतल्या एक काकू एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. त्यांचा गुलाब सहापर्यंत आला नाही की शेजारीण दार वाजवते. अशा लोकांचं काय करावं?

वऱ्हाडी_गडी: काहून एवढा इचार करता भाऊ? ग्रुपच्या सेटिंगमंधी Send new messages बंद करून टाका, फक्त अ‍ॅडमिनच लिहीन. एका मिनिटाचं काम.

धागाकर्ता: भाऊ, निरोप दिसेल हे खरं. पण मग काकूंचा गुलाब कुठे जाणार?

सुमनताई_पुसद: माझ्या सासऱ्यांचा फोन तर भरूनच गेला, नातवाचा व्हिडिओ कॉलही धड लागत नाही. चित्रं एकेक करून खोडत बसतात. काही उपाय?

निवृत्त_गुरुजी: ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण सोपा आहे. Settings मध्ये Storage and data, तिथे Media auto-download. मोबाइल डेटा आणि वाय-फाय, दोन्हींखालची Photos ची खूण काढा. मग चित्र धूसर दिसतं, बोट लावल्याशिवाय उतरत नाही. जुनी काढायला तिथेच Manage storage आहे. ग्रुपचं नाव उघडून एकदम निवडा, पण आधी घरच्यांचे फोटो तर त्यात नाहीत ना, ते नीट पाहा.

आता धागाकर्त्यांसाठी. तुमच्या काकूंच्या बाबतीत गुलाब म्हणजे हजेरी आहे. हजेरी राहू द्या, चित्रं कमी करा. आमच्या ग्रुपवर आम्ही वार वाटून दिले. सोमवारी एक, मंगळवारी दुसरे, अशी पाळी. ज्यांची पाळी असेल त्यांनी सकाळी एकच राम राम टाकायचा, शक्यतो स्वतः काढलेला फोटो: अंगणातली तुळस, बोंडं फुटलेली कपाशी, नाहीतर स्वतःच्या आवाजातला निरोप. बाकीच्यांनी त्याच संदेशावर बोट दाबून धरायचं आणि 🙏 निवडायचा. त्याची सूचना फक्त संदेश टाकणाऱ्याला जाते, साठ फोन वाजत नाहीत. आणि संदेशाखालच्या त्या 🙏 वर बोट लावलं की कोणी कोणी केलं त्यांची नावं दिसतात. नऊ वाजता पाळीवाल्याने यादी पाहायची आणि जे दिसत नाहीत त्यांना फोन लावायचा.

धागाकर्ता: हे आवडलं. पण सुरुवात कशी केलीत? सूचना टाकली तर ती गुलाबांतच हरवेल.

निवृत्त_गुरुजी: ग्रुपवर टाकलीच नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनंतर सगळे बसतात, तिथे सांगितलं. सगळ्यात जास्त चित्रं टाकणाऱ्या काकांनाच पहिली पाळी दिली, ते खूश. अडलं ते बोट दाबून धरण्यावर. ज्यांचा हात कापतो ते लवकर सोडतात आणि काहीच होत नाही. काहींचा संदेश भलत्याच नातेवाइकाला फॉरवर्ड झाला. एकेकाच्या शेजारी बसून दाखवावं लागलं. तरी दोघे-तिघे अजून चित्रच टाकतात. टाकू दे.

महत्त्वाचा निरोप मात्र पिन करा. तारीख टळली की पिन काढा, नाहीतर लोक वर बघायचंच सोडतात.

वऱ्हाडी_गडी: गुरुजीचं बरोबर हाय, पण नेट नसलं तं? आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर दोन-दोन दिवस बंद रायते. 🙏 नाई दिसला म्हणून सारं गाव धावन का?

निवृत्त_गुरुजी: खरं आहे. त्या दिवशी निम्मी नावं गायब असतात. तेव्हा फक्त एकटे राहणाऱ्यांकडे चक्कर मारतो. त्यांची यादी वहीत वेगळी ठेवली आहे.

सुमनताई_पुसद: Photos ची खूण काढली. सासरे आता विचारतात की सगळे गुलाब आंधळे काहून झाले. 😄

धागाकर्ता: गुरुवारी भजनाला सगळे जमतील, तेव्हा विषय काढतो. एकच अडचण उरते: चौघांकडे अजून बटणाचा फोन आहे, ते ग्रुपवरच नाहीत. शिबिराचे निरोप त्यांच्यापर्यंत कोण पोचवतं तुमच्याकडे? आशाताईंवर आधीच फार कामं आहेत.