'फिल'ला मराठीत काय म्हणायचं?

मृण्मयी_इंदूर
ट्रेडिंगची कल्पना जुन्या भावांवर तपासायला पायथनमध्ये बॅकटेस्टरचा क्लास लिहिला आहे. त्यात ऑर्डर आधी रांगेत थांबते, मग प्रत्यक्ष जेवढा व्यवहार होतो तेवढा 'फिल' येतो. इथल्या मराठी मुलांना तो शिकवायचाय, म्हणून टिपा मराठीत लिहितेय. `on_fill` पाशी अडले. मी 'पूर्तता' लिहिलं. काकांचं सगळं आयुष्य शेअरबाजारात गेलं, त्यांनी ते खोडलं. म्हणे, "पाचशे मागितले, तीनशे मिळाले, तर कसली पूर्तता?" मग काय लिहू?

```python
def on_fill(self, f):
    n = self.qty + f.qty
    self.avg = (self.avg*self.qty + f.price*f.qty) / n
    self.qty = n
```

छावणीवाला
काका बरोबर बोलले. मंडीत आम्ही सोयाबीन घेतो तेव्हा बोली सुटते ती एक गोष्ट, काट्यावर माल उतरतो ती दुसरी. 'सौदा' लिहा. ऑर्डरला मात्र 'आदेश' नको हो, कलेक्टरची आठवण येते.

शुद्धाग्रही
'भरणा' काय वाईट आहे? 'माल भरला' हे शुद्ध मराठी आहे.

मृण्मयी_इंदूर
भरणा बँकेत होतो, दादा. मुलं चलन शोधत बसतील.

एक_ओळीचा_माणूस
शब्दावरून वाद कशाला? फिल लागतोच कुठे? पांडासमध्ये एक ओळ पुरते:

```python
pnl = signal.shift(1) * close.pct_change()
```

`shift(1)` लावला की उद्याची बातमी आज वापरली जात नाही. दहा वर्षांचा डेटा क्षणात होतो. क्लास, रांग, इव्हेंट, एवढा पसारा हौसेचाच.

दांडियाबाजार
बडोद्याहून नमस्कार. शब्द लागत नाही, कारण त्या ओळीत ती वस्तूच नाही. सोमवारी बंद भाव १००. बाजार बंद झाल्यावर खरेदीचा सिग्नल आला. मंगळवारी बाजार १०४ ला उघडला, १०५ ला बंद झाला. तुमची ओळ मंगळवारी ५ टक्के जमा करते, म्हणजे सोमवारी १०० लाच माल हाती आला असं धरते. तेव्हा तर सिग्नल नुकताच निघाला होता! खरी खरेदी १०४ ला, त्या दिवशीचा नफा एक रुपया, टक्काही भरत नाही. `shift(1)` नं सिग्नलच्याच दिवसाची तेजी खिशात घालणं थांबतं, पण मधली उडी फुकट मिळतच राहते.

मृण्मयीताईंच्या क्लासमध्ये सोमवारची ऑर्डर रांगेत पडून राहते. मंगळवारच्या भावांचा बार आला की त्याच्या उघडत्या भावावर फिल होतो, आणि पोझिशन फक्त फिलनंच बदलते. ऑर्डर दिली म्हणून नाही.

एक_ओळीचा_माणूस
पहिल्या दिवशी उघडत्या भावापासून परतावा धरला की तेही एका ओळीत बसतं.

दांडियाबाजार
बसतं, कबूल. कल्पना पहिल्यांदा चाळायला मीही तेच करतो. पण काकांचा प्रश्न घ्या. पाचशेतले तीनशे १०४ ला मिळाले, उरलेले दोनशे पुढच्या बारला १०६ ला. मधल्या वेळात विक्रीचा सिग्नल आला तर किती विकायचे? तीनशे. आणि उरलेली खरेदीची ऑर्डर आधी रद्द करायची. आधीच्या फिलवर पुढची ऑर्डर ठरते, तिथे एका ओळीचा दम संपतो.

लिमिट ऑर्डरचंही तसंच. १०० ची लिमिट, म्हणजे १०० किंवा त्याहून कमी भावालाच खरेदी, आणि दिवसाचा नीचांकही बरोबर १००. आपल्यापुढे रांगेत कोण होतं ते बारमध्ये दिसत नाही. मी १०० च्या खाली भाव गेला तरच फिल धरतो. थोडा कंजूसपणा आहे, पण खोटा नफा नको.

छावणीवाला
आमच्या मुनीमजींचंही हेच म्हणणं, माल घरात आल्याशिवाय वहीत चढवायचा नाही. पण तुम्ही लोक 'ऑर्डर लागली' का म्हणत नाही?

मृण्मयी_इंदूर
कारण इंदूरात 'ऑर्डर लग गया' म्हणजे नुसती दिली! पुण्याची मावसबहीण 'लागली' म्हणते तेव्हा माल मिळालेला असतो. दोघी एकाच कोडवर बसलो तर पोझिशन दुप्पट व्हायची.

शुद्धाग्रही
म्हणूनच म्हणतो, प्रमाण शब्द हवा. 'अंशपूर्ती' घ्या.

छावणीवाला
दोनशे क्विंटलची अंशपूर्ती? हमालसुद्धा हसतील.

दांडियाबाजार
नाव काहीही ठेवा, ताई, पण आधी ती सरासरी बघा. पाचशे शेअर १०४.८० च्या सरासरीला आहेत. आता दोनशे ११० ला विका, म्हणजे `f.qty` उणे दोनशे. तुमचं सूत्र उरलेल्या तीनशेंची सरासरी १०१.३३ दाखवेल. ती १०४.८० च राहायला हवी, आणि १,०४० रुपये नफा वेगळा लिहायला हवा. पाचशेच्या पाचशे विकलेत तर शून्यानं भागाकार होऊन प्रोग्रॅमच पडेल.

मृण्मयी_इंदूर
अगं बाई, मी आत्तापर्यंत फक्त खरेदीच तपासली होती. विक्रीची फांदी वेगळी काढते. पण शॉर्ट असताना खरेदीचा फिल आला, आणि पोझिशन उणे दोनशेवरून अधिक शंभर झाली, तर सरासरी कुठून धरायची?

दांडियाबाजार
त्या फिलचे दोन तुकडे करा. दोनशेनं जुना सौदा मिटतो, उरलेल्या शंभरची सरासरी फिलच्याच भावानं नव्यानं सुरू.

शुद्धाग्रही
'सौदा' फारसी आहे, बरं का.